विश्लेषण : ‘ब्लू-कट’ चष्म्याने डोळ्यांची जळजळ खरेच थांबते का?

मोबाइल आणि संगणकासमोर तासन्‌तास बसणाऱ्यांना चष्म्याच्या दुकानात हमखास एक प्रश्न विचारला जातो, ‘ब्लू-कट टाकू का?’ मोठ्या शहरांतला हा प्रश्न आता किल्लारीसारख्या गावातही पोहोचला आहे. निळा प्रकाश अडवणाऱ्या या काचांबद्दल संशोधन काय सांगते, दुकानातल्या लेझर पेनच्या प्रयोगातून नेमके काय सिद्ध होते आणि पडद्यामुळे डोळे थकत असतील तर उपाय कशावर करायचा, याविषयी…

किल्लारीतले उदाहरण काय आहे?

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी हे नाव महाराष्ट्राला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपामुळे माहीत आहे. पुनर्वसनानंतर नव्या जागी वसलेल्या या गावात आज सातबारा, दाखले, विमा, बँक, परीक्षेचे अर्ज अशी बहुतेक कामे पडद्यावर होतात. ही कामे करून देणाऱ्या एका सेवा केंद्राचा चालक माझा मामेभाऊ आहे. वय ४४. जुलै महिन्यात पीकविम्याच्या अर्जांची गर्दी उसळते, तेव्हा सकाळी आठला उघडलेले केंद्र रात्री दहापर्यंत चालते. गेल्या हंगामात संध्याकाळ झाली की त्याचे डोळे चुरचुरायचे, कपाळ जड व्हायचे आणि आधार कार्डावरचे आकडे विरघळल्यासारखे दिसायचे.

तो लातूरला गेला आणि एका दुकानातून ‘कॉम्प्युटरचा चष्मा’ करून आला. डोळ्यांना नंबर नव्हता, म्हणजे तसे त्याला सांगण्यात आले. काचा बिननंबरी आणि त्यावर ब्लू-कट. दुकानदाराने त्याला लेझर पेनचा प्रयोगही करून दाखवला. महिनाभर चष्मा लावून झाल्यावर त्याचा मला फोन आला : ‘दादा, तू इंजिनीअरिंग केलंय, तूच सांग. त्या पेनचा उजेड काचेतून पार होत नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग जळजळ तशीच का?’ प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला त्या पेनपासूनच सुरुवात करावी लागली.

लेझर पेनच्या प्रयोगातून काय कळते?

प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. दुकानदार एक छोटे पेन काढतो, त्यातून निळा-जांभळा झोत येतो. तो एका खास कार्डावर पाडला की तिथे डाग उमटतो. मध्ये साधी काच धरली तरी डाग उमटतो आणि ब्लू-कट काच धरली की उमटत नाही. गिऱ्हाईक थक्क होते. प्रयोगात हातचलाखी नाही. काच तो झोत खरोखरच अडवते.

मुद्दा झोताच्या रंगाचा आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. त्यातला ४०० ते ५०० हा पट्टा ढोबळमानाने ‘निळा’ म्हणतात. पण तो सगळा पट्टा सारखा नाही. ४०० च्या जवळचा प्रकाश जांभळा असतो, ४५० च्या आसपासचा गडद निळा आणि ४८० च्या पुढे तो आकाशी होत जातो. दुकानातली ही पेने बहुधा ४०५ नॅनोमीटरची, म्हणजे जांभळ्या टोकाची असतात. बाजारातल्या बऱ्याच ब्लू-कट काचांवर ‘यूव्ही ४२०’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, ४२० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश ही काच जवळजवळ पूर्ण अडवते. तेव्हा ४०५ चे पेन अडणारच.

आता पडद्याकडे पाहू. लॅपटॉप, मॉनिटर आणि बऱ्याच मोबाइलच्या पडद्यामागे पांढरे एलईडी असतात. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळसर लेप देऊन त्याचा प्रकाश पांढरा केलेला असतो. त्या निळ्या प्रकाशाचे शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि ४०५ ला पडद्यातून जवळपास काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे पेनमधून जे निघते ते पडद्यातून निघत नाही आणि पडद्यातून जे निघते त्यातले फारच थोडे ही काच अडवते. चोर मागच्या दाराने येतो आणि आपण कुलपाची मजबुती पुढच्या दारावर तपासतो, असा हा प्रकार आहे.

हे घरी पडताळून पाहता येते. मोबाइलवर पूर्ण निळ्या रंगाचे एखादे चित्र उघडा. एक डोळा मिटून ते आधी उघड्या डोळ्याने पाहा, मग काचेतून पाहा. काच पडद्याचा निळा प्रकाश खरोखरच अडवत असेल, तर चित्र ठळकपणे अंधारलेले दिसायला हवे. मामेभावाला फोनवरच हे करायला लावले. ‘काहीच फरक नाही,’ तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, ‘किंचित, म्हटलं तर.’ जी काच ४५० चा प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवते ती स्वच्छ दिसूच शकत नाही. तिच्यातून पांढरा कागद पिवळा किंवा नारिंगी दिसतो. काच पारदर्शक आहे आणि ती पडद्याचा निळा प्रकाशही थोपवते, हे दोन दावे एकत्र नांदत नाहीत. लेझर पेन डोळ्यावर मात्र कधी रोखू नये. पडद्याने होत नाही ती इजा पेनने होऊ शकते.

अडवलेल्या प्रकाशाचे प्रमाण किती?

सर्वसाधारण ब्लू-कट काचा प्रकारानुसार निळ्या पट्ट्यातला १० ते २५ टक्के प्रकाश अडवतात. मोबाइलची प्रकाशमानता कमी करून पडद्याचा प्रकाश निम्मा केला, तर त्यातला निळाही आपोआप निम्मा होतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

शिवाय मुळात पडद्याचा निळा प्रकाश किती? दिवसाउजेडी बाहेर पडल्यावर आपल्याला जेवढा निळा प्रकाश मिळतो, त्याच्या सुमारे एक हजारांश भाग पडद्यासारख्या कृत्रिम स्रोतांपासून मिळतो, असे या विषयावर काम करणारे संशोधक सांगतात. ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दिवे, संगणक, टॅब्लेट आणि मोबाइल यांची मोजणी प्रसिद्ध केली. दीर्घकाळ पाहत राहिले तरी या उपकरणांचा निळा प्रकाश डोळ्यांसाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मर्यादेच्या खूप खाली राहतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निळ्या प्रकाशाने दृष्टिपटल खराब होते, ही भीती प्रामुख्याने पेशींवर आणि प्राण्यांवर तीव्र प्रकाश सोडून केलेल्या प्रयोगांतून आली आहे. ते प्रयोग खोटे नाहीत, पण तिथला प्रकाश मोबाइलचा नव्हता. मे महिन्यात भर दुपारी औसा रस्त्याने दुचाकीवरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत जेवढा निळा प्रकाश शिरतो, त्यापुढे सेवा केंद्रातला मॉनिटर म्हणजे काजवा.

संशोधन काय सांगते?

या विषयावरचा सर्वांत नेमका प्रयोग मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी केला आणि तो २०२१ मध्ये नेत्रविज्ञानाच्या एका अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संगणकाच्या वापराने डोळ्यांना त्रास होतो अशी तक्रार असलेले १२० जण त्यात होते. प्रत्येकाने दोन तास संगणकावर काम केले. काहींना ब्लू-कट काचा दिल्या, काहींना साध्या. कोणाला कोणती दिली, हे त्यांना कळू दिले नाही.

प्रयोगाची खरी गंमत पुढे आहे. औषधांप्रमाणेच चष्म्याचाही मानसिक परिणाम होतो. डॉक्टरांनी ‘हा चष्मा चांगला आहे’ म्हटले की बरे वाटू लागते. म्हणून संशोधकांनी दोन्ही गटांचे आणखी दोन भाग केले. एका भागाला चष्म्याबद्दल चांगले सांगितले, दुसऱ्याला त्याच्याविषयी फारशी आशा दाखवली नाही. दोन तासांनंतर डोळ्यांचा थकवा दोन पद्धतींनी तपासला : एक, लुकलुकणारा दिवा किती वेगाने लुकलुकला की तो सलग दिसू लागतो, याच्या मोजमापाने, दुसरी, सहभागींना जाणवलेल्या लक्षणांवरून. ब्लू-कट आणि साधी काच यांत फरक आढळला नाही. चष्म्याची भलामण केल्यानेही फरक पडला नाही.

एका प्रयोगावर विसंबू नये म्हणून वैद्यकशास्त्रात अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतात. ‘कॉक्रेन’ या संस्थेचे असे आढावे सर्वांत काटेकोर मानले जातात. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांविषयीचा तिचा आढावा ऑगस्ट २०२३ मध्ये आला. सहा देशांतल्या १७ प्रयोगांचा त्यात विचार झाला. संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा अल्पकाळात या काचांनी कमी होत असावा असे दिसत नाही, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. झोप सुधारते की नाही याबद्दल प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी होते. दृष्टिपटलाचे रक्षण होते, या दाव्याची नीट तपासणी करणारा प्रयोग आढाव्यात सापडलाच नाही.

आढाव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रयोग लहान होते. सर्वांत लहान प्रयोगात ५ आणि सर्वांत मोठ्यात १५६ जण. कालावधी एका दिवसाहून कमी ते पाच आठवडे. थकव्याचा निष्कर्ष तीनच प्रयोगांवर उभा आहे आणि आढावाकारांनी स्वतःच त्या पुराव्याची खात्री कमी ठरवली आहे. त्यामुळे ‘ब्लू-कट निरुपयोगी असल्याचे सिद्ध झाले’ असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण जो फायदा सांगून वस्तू विकली जाते, तो दाखवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते, आणि तो अद्याप दिसलेला नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटना संगणकासाठी असे चष्मे वापरण्याची शिफारस करत नाही. ब्रिटनमध्ये तर चष्मे विकणाऱ्या ‘बूट्स ऑप्टिशियन्स’ या मोठ्या साखळीला निळ्या प्रकाशाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१७ मध्ये ४० हजार पौंडांचा दंड झाला होता.

मग काहींना बरे का वाटते?

अनेक जण शपथेवर सांगतात की ब्लू-कट घेतल्यापासून त्रास थांबला. ते खोटे बोलत नसतात. बहुतेक वेळा ब्लू-कटसोबत त्याच काचेवर परावर्तन रोखणारे कोटिंगही असते. मागच्या दिव्याचे किंवा खिडकीचे प्रतिबिंब त्यामुळे काचेत कमी दिसते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चष्मा करताना पहिल्यांदाच नंबर तपासला जातो आणि वर्षानुवर्षे लपलेला अर्धा-पाऊण नंबर निघतो. आराम नंबराने पडतो, श्रेय निळ्या प्रकाशाला जाते.

खरा त्रास कशामुळे होतो?

यातले मोठे कारण अगदी साधे आहे : आपण पापण्या मिटवायला विसरतो. जपानमधल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी १९९३ मध्येच ते मोजले होते. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लवतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना केवळ ७ वेळा. तेव्हाचे पडदे काचेच्या जाड नळीचे होते, एलईडीचा निळा प्रकाश त्यांत नव्हता, तरीही हा आकडा तेवढा खाली आला होता.

याचा अर्थ सोपा हिशेब करून पाहू. मिनिटाला २२ म्हणजे दर पावणेतीन सेकंदांनी एकदा. मिनिटाला ७ म्हणजे दर साडेआठ सेकंदांनी एकदा. प्रत्येक वेळी पापणी बुबुळावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. निरोगी डोळ्यात हा थर साधारण १० सेकंद किंवा जास्त टिकतो, पण डोळे कोरडे असणाऱ्यांत तो पाचेक सेकंदांतच फाटतो. निवांत बसलेले असताना त्यांना त्रास जाणवत नाही, कारण थर फाटण्याआधीच पापणी लवते. पडद्यासमोर मात्र तीन-साडेतीन सेकंद बुबुळाचा काही भाग उघडा पडतो, तोही मिनिटातून सात वेळा, दिवसातून दहा-बारा तास. चुरचुर, खुपणे, आणि विचित्र वाटेल पण डोळ्यांतून पाणी येणे, हे सगळे त्यातून होते. पापणी लवल्यावर क्षणभर अक्षरे स्पष्ट होत असतील आणि मग पुन्हा पुसट, तर दोष या थराचा असण्याची शक्यता मोठी.

मराठवाड्यात याला दोन गोष्टींची जोड मिळते, कोरडी हवा आणि पंखा. मामेभावाच्या केंद्रात टेबलाजवळचा पंखा थेट तोंडावर होता. गर्दीत लोकांचा उकाडा आणि संगणकाचा ताप सोसवत नाही, म्हणून मुद्दाम तसा लावलेला. मॉनिटर कपाटावर, डोळ्यांच्या पातळीच्या वर. मान वर करून पाहायचे म्हणजे पापण्या जास्त उघडाव्या लागतात आणि बाष्पीभवनाला मोठे मैदान मिळते. पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली असेल, तर वरची पापणी आपोआप बरीच खाली येते. तेवढ्याने उघडा भाग कमी होतो.

नंबर नाही, तरी नंबर कसा?

दुसरे कारण डोळ्यातल्या भिंगाचे. जवळचे पाहताना भिंगाला जोर लावावा लागतो. तो डायॉप्टरमध्ये मोजतात. हिशेब असा : १०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचे. मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असेल तर १.७ डायॉप्टर. कागद ३५ सेंटिमीटरवर धरला तर २.९. मोबाइल २५ वर, तर ४.

तरुणांच्या डोळ्यांत हा जोर भरपूर असतो, पण तो वयानुसार घटत जातो. चाळिशीच्या मध्यावर साधारण साडेचार-पाच डायॉप्टर उरतो. त्यातला निम्मा जोर बराच वेळ लावून ठेवता येतो, त्यापलीकडे दमछाक होते. म्हणजे ४४ व्या वर्षी आरामात वापरता येण्याजोगा जोर सव्वादोन-अडीच. मॉनिटरसाठी १.७ पुरतो. पण सेवा केंद्रात नुसता मॉनिटर नसतो. आधार, पासबुक, सातबारा हातात धरून वाचायचे आणि मग पडद्यावर टंकायचे. कागदाला २.९ लागतो आणि तो अर्ध्या शिल्लकीबाहेर जातो. दिवसातून शेकडो वेळा डोळे पडद्यावरून कागदावर आणि कागदावरून पडद्यावर उड्या मारतात. कपाळ जड होण्याचे कारण हे होते.

दूरचे छान दिसते म्हणून त्याला ‘नंबर नाही’ असे सांगितले गेले होते. जवळचा नंबर तपासलाच नव्हता. नंतर त्याने शासकीय रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडून तपासून घेतले. जवळच्या कामासाठी अधिक १ नंबर निघाला. आता कागदाला १.९ आणि मॉनिटरला केवळ ०.७ जोर पुरतो. मर्यादा एवढीच की या चष्म्यातून मीटरभरापलीकडचे धूसर दिसते. काउंटरपलीकडचा माणूस ओळखू येतो, दारातला नाही. तो चष्मा लावून गाडी चालवू नये, हे त्याला स्वतंत्रपणे सांगावे लागले. ज्यांना सतत उठबस करावी लागते त्यांच्यासाठी वर बिननंबरी आणि खाली जवळचा नंबर असलेली काच सोयीची पडते.

तरुणांत हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. अर्धा-पाऊण नंबराचा सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या असमान वक्रतेचा दोष, शाळेच्या फळ्यावर जाणवत नाही पण दिवसभर बारीक अक्षरे वाचताना डोकेदुखी देतो. लातूरला स्पर्धा आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी आलेली मुले खाटेवर आडवे पडून मोबाइल २०-२५ सेंटिमीटरवर धरून तासभराची व्याख्याने पाहतात. त्यांना ब्लू-कटपेक्षा टेबलावरचा मोठा पडदा आणि नीट तपासलेला नंबर यांचा उपयोग होईल. लहान मुलांचा लघुदृष्टीचा नंबर वाढणे ब्लू-कटने थांबते, याला आधार नाही. त्यासाठी दिवसाउजेडी बाहेर घालवलेल्या वेळाचा उपयोग होतो, असे अभ्यास दाखवतात.

२०-२०-२० चा नियम कितपत खरा?

दर २० मिनिटांनी, २० सेकंद, २० फुटांवर पाहा, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्यातले आकडे लक्षात राहावेत म्हणून निवडलेले आहेत, प्रयोगातून आलेले नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ३० तरुणांना टॅब्लेटवर ४० मिनिटे वाचायला लावले आणि दर ५, १०, २० मिनिटांनी २० सेकंदांची विश्रांती देऊन पाहिली. थकव्यात लक्षणीय फरक पडला नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका अभ्यासात लॅपटॉपवर दोन आठवडे अशी आठवण देत राहिल्यावर त्रास कमी झाला, पण आठवण बंद केल्यावर आठवडाभरात फायदा टिकला नाही.

माझा कल असा : २० सेकंद बहुधा फार कमी आहेत. अर्ज भरून झाला की उठून पावती द्यायला जायचे, तेवढ्या मिनिटभरात रस्त्यापलीकडच्या झाडाकडे पाहायचे आणि दहा वेळा पापण्या पूर्ण मिटायच्या, हे जास्त टिकते. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. पडद्यासमोर पापणी अर्धीच लवते आणि बुबुळाचा खालचा भाग कोरडाच राहतो.

झोपेचे काय?

निळ्या प्रकाशाचा एक परिणाम खरा आहे, पण तो थकव्यावर नसून शरीराच्या घड्याळावर होतो. डोळ्यातल्या काही पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने ‘दिवस आहे’ असा निरोप मेंदूला देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ जणांनी पाच रात्री झोपण्याआधी चार तास पूर्ण प्रकाशमानतेच्या टॅब्लेटवर वाचन केले. छापील पुस्तक वाचणाऱ्या रात्रींपेक्षा त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे उशीर झाला. चार तासांमागे दहा मिनिटे. पारदर्शक ब्लू-कट काच तर ४८० ला जवळपास मोकळेच सोडते. रात्री एक वाजेपर्यंत रील्स पाहणाऱ्याची झोप प्रकाशापेक्षा रील्सच जास्त खातात.

मग नेमके काय करावे?

आधी नंबर तपासावा, दूरचा आणि जवळचा दोन्ही. जाताना पडदा आणि कागद आपल्या डोळ्यांपासून किती अंतरावर असतात ते मोजून न्यावे आणि तपासणाऱ्याला सांगावे. चाळिशीनंतर हे आवर्जून. नंबर असेल तर त्या काचेवर परावर्तन रोखणारे कोटिंग घ्यायला हरकत नाही. ब्लू-कटसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही, आणि बिननंबरी ब्लू-कट चष्म्याचे तर मुळीच नाही.

मग जागा बदलावी. पंख्याचा झोत चेहऱ्यावरून बाजूला. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. दार किंवा खिडकी पडद्याच्या मागे वा आपल्या पाठीशी नको, बाजूला हवी. पडद्याची प्रकाशमानता खोलीइतकी. पडद्यामागे पांढरा कागद धरावा. पडदा त्याच्यासमोर दिव्यासारखा झळकत असेल तर तो कमी करावा, मळकट दिसत असेल तर वाढवावा. अक्षरे मोठी करायला लाजू नये. ई-पीक पाहणीसाठी भर उन्हात बांधावर मोबाइल धरणाऱ्या शेतकऱ्याचा त्रास मात्र उलटा असतो. तिथे पडदा उन्हापुढे फिका पडतो आणि डोळे बारीक करून पाहावे लागते. प्रकाशमानता पूर्ण वाढवून सावलीत उभे राहणे हाच उपाय.

एवढ्याने चुरचुर थांबली नाही तर कृत्रिम अश्रूंचे थेंब उपयोगी पडतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर परिरक्षक नसलेले घ्यावेत. औषधाच्या दुकानातून ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ म्हणून थेंब आणू नयेत. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस सुंदर वाटते आणि वापर लांबला तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. ब्लू-कटमध्ये पैसे जातात, इथे नजर जाऊ शकते. एकाच डोळ्याला दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये, चमका, अचानक अंधूक दिसणे ही पडद्याच्या थकव्याची लक्षणे नाहीत. त्यासाठी नेत्रतज्ज्ञच हवा. मधुमेह असणाऱ्याने तर त्रास नसतानाही वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.

मामेभावाने पंखा भिंतीकडे वळवला आहे आणि मॉनिटर कपाटावरून टेबलावर आणला आहे. संध्याकाळची डोकेदुखी गेली. चुरचुर पूर्ण गेलेली नाही, गर्दीच्या दिवशी अजून होते. ब्लू-कट चष्मा आता त्याचा मुलगा लावतो, दुचाकीवर धूळ जाऊ नये म्हणून.